फोटोवरून मोजलेली पोती आणि ट्रकमध्ये भरलेली पोती दर वेळी जुळत नाहीत – कुठे चुकतं आणि आकडा कसा लिहायचा

लातूरकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा स्टॉक मी बघते. सोयाबीन आणि हरभरा, सगळा माल ५० किलोच्या पोत्यात, गोदाम भाड्याचं आणि ऑफिसपासून लांब, त्यामुळे दर महिन्याला गोदामवाले काका व्हॉट्सअ‍ॅपवर थप्पीचे फोटो पाठवतात आणि मी त्यावरून पोती मोजून साठ्याचा तक्ता भरते. आणि मग माल उठायच्या दिवशी ट्रकला लागलेला आकडा वेगळाच निघतो. एकदा नाही, दर वेळी. कधी ४० कमी, कधी शंभराच्या वर. सगळ्यात आधी संशय हमालांवर जातो, मग काकांवर, आणि दोन-तीन वेळा तर मीच फोनवर नको ते बोलून गेले, ज्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चोरी एकाही वेळी नव्हती, चूक माझ्या मोजण्यात होती आणि त्याहून जास्त मी तो आकडा ज्या खात्रीने लिहीत होते त्यात होती.

जी थप्पी फुटल्यावर मला हे कळलं तीच पूर्ण मांडते, कारण बहुतेकांचं नेमकं याच ठिकाणी चुकतं.

सोयाबीनची थप्पी होती, फोटो दोन, एक समोरून आणि एक कडेच्या गल्लीतून. मी तक्त्यात १६८० लिहिलं. फक्त १६८०, पुढे काही नाही. महिन्याभराने माल उठला, चार ट्रक, ४००, ४००, ४०० आणि शेवटचा ३७१. म्हणजे १५७१. गोदामाची टॅली आणि ट्रकवाल्याची टॅली दोन्ही जुळत होत्या त्यामुळे तिकडे शंका घ्यायला जागा नव्हती. १०९ पोती कमी, म्हणजे साडेचौपन्न क्विंटल. सर म्हणाले, "अहो, एवढी पोती फोटोत होती ना? मग गेली कुठे?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मुळात १६८० आलं कसं ते बघू.

आमच्याकडची पोती ज्यूटची, रिकामं बारदान ९४ बाय ५७ सेंटीमीटर, पण भरून शिवलं की ते फुगतं आणि आखडतं, टेप लावून बघितलं तर आडवं पडलेलं पोतं साधारण ७५ सेंटीमीटर लांब आणि ५० रुंद भरतं. म्हणजे तीन पोती शेजारी-शेजारी ठेवली की जेवढी रुंदी होते तेवढीच दोन पोती एकामागे एक लांबीत ठेवली की होते. हमाल याचाच फायदा घेऊन पाच-पाचचा गट लावतात, तीन पोती तोंड समोर करून आणि त्यांच्या मागे दोन पोती कुशीवर, म्हणजे लांब बाजू समोर करून, वरच्या थरात बरोबर उलटं, दोन पुढे तीन मागे, म्हणजे थर एकमेकांत अडकतात आणि थप्पी फुटत नाही. त्यामुळे समोरून फोटोत एका थरात नुसती तोंडं दिसतात आणि त्याच्या वरच्या थरात नुसत्या कुशी. माझ्या फोटोत एका थरात १८ तोंडं होती आणि वरच्यात १२ कुशी. कडेच्या फोटोत खोलीला ८ तुकडे दिसत होते, लांब-आखूड लांब-आखूड असे.

इथेच पहिला मोठा खड्डा आहे. माझ्या आधी जो मुलगा हे काम करायचा तो समोरची १८ गुणिले कडेची ८ असं करून एका थरात १४४ धरायचा आणि मग १४ थरांचे २०१६. पण खोलीत जाताना ओळी १८, १२, १८, १२ अशा आलटून-पालटून असतात ना, मग सरासरी १५ ची ओळ, ८ ओळी, म्हणजे १२०. त्याच दोन फोटोंवरून १४४ आणि १२०, थेट २० टक्क्यांचा फरक, आणि तोही मोजण्यात काडीची चूक न करता, फक्त रचना न ओळखल्यामुळे. म्हणून आधी दोन लागोपाठचे थर बघा, दोन्हीत सारखंच दिसतंय की आलटून-पालटून, आणि मगच गुणाकाराला हात घाला. दोन्ही थरात सगळी तोंडंच दिसत असतील तर ती साधी थप्पी आहे, तिथे सरासरी काढायची नाही, सरळ गुणायचं.

थर मोजायला ही रचना एक चांगली मदत करते. सगळ्यात खालचा थर आणि सगळ्यात वरचा थर बघायचा. दोन्ही एकाच जातीचे असतील, म्हणजे दोन्ही तोंडाचे किंवा दोन्ही कुशीचे, तर थरांची संख्या विषम आलीच पाहिजे. एक तोंडाचा आणि एक कुशीचा असेल तर सम. माझ्या फोटोत खाली तोंडं आणि वर कुशी, म्हणजे सम, आणि मोजले तर १४, बरोबर. मी आधी कितीदा तरी १३ ला १४ किंवा १४ ला १५ मोजलेलं आहे कारण खालचा थर वजनाने दबून सपाट झालेला असतो, त्यात अंधार, पुढे कुठेतरी काटा किंवा ताडपत्री ठेवलेली, आणि ही सम-विषमची तपासणी ती चूक दहा सेकंदात पकडते. फक्त हमालांनी मध्येच एखादा थर न उलटता लावला असेल तर फसते, म्हणून मध्ये सलग दोन सारखे थर आहेत का ते डोळ्यांखालून घालायचं.

तर १२० चा थर, १४ थर, १६८०. गणित बरोबर होतं. मग १०९ कुठे गेली?

थप्पी फोडताना मी मुद्दाम काकांना व्हिडिओ कॉलवर ठेवायला सांगितलं होतं म्हणून कळलं. सगळ्यात वरचा, चौदावा थर पूर्ण नव्हताच. फक्त समोरच्या बाजूला एक पाचाची पट्टी लावलेली, म्हणजे ६ गट गुणिले ५, ३० पोती, आणि मागे रिकामं. माल कमी पडला की हमाल उरलेली पोती पुढच्या बाजूलाच लावतात, त्यांना मागे चढून जायची गरज नसते, आणि जमिनीवर उभं राहून काढलेल्या फोटोत वरच्या थराची फक्त पुढची कड दिसते. मी ती कड बघून पूर्ण थर धरला. ९० तिथेच गेली.

राहिली १९. त्यातली १३ एका लोखंडी खांबामुळे. मागच्या बाजूला भिंतीपासून थोडा आत गोदामाचा खांब आहे आणि थप्पी त्याला पोटात घेऊन लावलेली, प्रत्येक थरात एका पोत्याची जागा खांबाने खाल्लेली, १३ थर म्हणजे १३ पोती. काकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, खांब तर पहिल्यापासून तिथेच आहे की, तुम्ही विचारलंच नाही." बरोबर होतं त्यांचं. बाकी ६ कुठली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, मागच्या कोपऱ्यात आत-बाहेर झालेली असतील, पण मी ती "कळलं नाही" अशीच लिहून ठेवलीत.

आता उपायाकडे. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे की फोटोतल्या आकड्यात दोन वेगळ्या जातीचे भाग असतात आणि आपण ते एकत्र कालवून टाकतो. एक भाग डोळ्यांनी मोजलेला, समोरची तोंडं, थर, कडेचे तुकडे. दुसरा भाग धरलेला, की आत सगळं भरीव आहे, मागची बाजू पुढच्यासारखीच आहे, वरचा थर पूर्ण आहे. पहिल्यातली चूक तुम्ही पुन्हा मोजून कमी करू शकता, दुसऱ्यातली नाही, शंभर वेळा मोजलं तरी खांब दिसणार नाही. त्यामुळे "मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा १६८० आलं" याचा अर्थ एवढाच की समोरचं मोजणं पक्कं आहे, थप्पीत १६८० आहेत हे त्यातून ठरत नाही. मी तो अर्थ लावत होते, वर्षभर.

आणि दोन्हीतल्या चुकीची दिशाही वेगळी असते. डोळ्याने मोजताना चूक दोन्हीकडे होते, एखादं जास्त एखादं कमी. पण धरलेल्या भागात चूक जवळपास नेहमी एकाच बाजूला, पोती कमीच निघतात. खांब पोती खातो, पोकळी पोती खाते, अपुरा थर पोती खातो, यातलं काहीच पोती वाढवत नाही. म्हणून "१६८०, पाच टक्के इकडे-तिकडे" असं लिहिणं मला आता पटत नाही, वरच्या बाजूला पाच टक्के येणार कुठून, थप्पीच्या बाहेर पोती लटकलेली थोडीच असतात. खालची हद्द आणि वरची हद्द वेगवेगळ्या काढायच्या आणि दोन्ही लिहायच्या.

तीच थप्पी या पद्धतीने केली तर अशी होते. तेरा पूर्ण थर, १५६०. चौदाव्या थरात पुढची एक पट्टी धरून कमीत कमी ३०, जास्तीत जास्त १२०. म्हणजे १५९० ते १६८०. आता खांब, तो आहे हे काकांना विचारून कळतं, त्यामुळे खाली १३ वजा आणि वर, म्हणजे चौदावा थर पूर्ण असेल तर, १४ वजा. १५७७ ते १६६६. मग आतल्या फटींसाठी खालच्या बाजूने पूर्ण थरांच्या २ टक्के, म्हणजे साधारण ३१, हे २ टक्के मी आमच्याच गोदामात फुटलेल्या थप्प्यांवरून धरलेत, तुमच्याकडे हमालांची टोळी वेगळी, बारदान वेगळं, तर तुमचा आकडा वेगळा येईल, माझा उचलू नका. १५४६ ते १६६६. शेवटी खालचा आकडा खाली आणि वरचा वर असा दहाच्या घरात नेऊन ठेवायचा, १५४० ते १६७०.

खरा आकडा १५७१ यात बसतो. पण इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, हा पट्टा मी उत्तर कळल्यानंतर काढलाय. खांब माहीत झाल्यावर खांब वजा करणं सोपं असतं. त्यामुळे तो बसला याचं काही कौतुक नाही आणि ही पद्धत चालते असं त्यावरून मी म्हणणार नाही. परीक्षा पुढच्या थप्प्यांची, जिथे पट्टा आधी लिहिला आणि माल नंतर उठला. तशा ९ थप्प्या आतापर्यंत झाल्या. ८ वेळा ट्रकचा आकडा पट्ट्यात आला, एकदा बाहेर गेला. बाहेर गेली ती हरभऱ्याची थप्पी, टोळी नवीन होती, खालचे पाच-सहा थर पाचाच्या गटात आणि वरचे सगळे साधे लावलेले, आणि मी खालचे दोन थर बघून रचना ठरवून टाकली होती. तेव्हापासून रचना खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी बघते.

या नऊ नोंदींची वही मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलीय. एका ओळीत थप्पी, माझी खालची हद्द, वरची हद्द, आणि माल उठल्यावर ट्रकचा आकडा. एवढंच. पण ती भरल्यावर दिसलं की ९ पैकी ७ वेळा खरा आकडा पट्ट्याच्या मध्याच्या खाली होता. म्हणजे आत पोती कमी असतात हे मला माहीत असूनही मी वरच्या बाजूलाच झुकतेय. म्हणून आता एकच आकडा द्यायची वेळ आली की मी मध्य देत नाही, खालून एक तृतीयांशावरचा देते. वरच्या थप्पीत तो १५८० च्या आसपास आला असता.

एकच आकडा मागतातच लोक, हे मान्य करूनच चालावं लागतं. तक्त्यात एकच रकाना असतो. सर म्हणाले होते, "हे ते-ते लिहू नका, नेमका आकडा सांगा." मी रकान्यात १५८० लिहायचं आणि शेऱ्यात पट्टा लिहायचा असं त्यांना पटवलं, आणि एक गोष्ट वेगळी ठरवून घेतली की त्या आकड्याच्या जोरावर कोणाला माल द्यायचं कबूल करायचं असेल तर खालची हद्दच धरायची. म्हणजे १५४०. कारण व्यापाऱ्याला १६०० पोती कबूल केली आणि १५७१ निघाली तर पंचाईत आपली, आणि १५४० कबूल केली आणि ३१ जास्त निघाली तर कोणाचंच नुकसान नाही. आणि १५८३ असं कधीच लिहायचं नाही. शेवटचा ३ बघून वाचणाऱ्याला वाटतं कोणीतरी एक-एक पोतं हात लावून मोजलंय.

मोजण्याच्या आधी रजिस्टर बघू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. माझ्याकडून हे वारंवार झालं. रजिस्टरमध्ये जो आकडा असतो तो डोक्यात बसतो आणि मग अंधारातला तो धूसर तुकडा पोतं आहे की सावली हे डोळे नाही, तो आकडा ठरवतो. मी जुने फोटो काढून ऑफिसमधल्या एका सहकारी ताईंकडून मोजून घेतले, त्यांना रजिस्टर न दाखवता, तर दोन थप्प्यांत त्यांचे थर माझ्यापेक्षा एकाने कमी आले आणि परत बारकाईने बघितलं तर त्या बरोबर होत्या. आता आम्ही दोघी वेगवेगळं मोजतो, फोटोवर फोनच्याच पेनने प्रत्येक पोत्यावर एक ठिपका, दर पाचव्याचा रंग वेगळा, आणि आकडे कागदावर लिहून झाल्यावरच एकमेकींना दाखवतो. फरक आला तर सरासरी काढत नाही, तो थर पुन्हा बघतो, आणि तरी ठरत नसेल तर दोन्ही आकडे हद्दीत घेतो.

जास्त कष्ट कुठे घ्यायचे हेही गणितच सांगतं. वरच्याच थप्पीत एक थर चुकला तर १२० पोती. रुंदीत एक गट चुकला तर ४ गुणिले ५ गुणिले १४, म्हणजे २८०. आणि खोलीत एक गट चुकला तर ६ गुणिले ५ गुणिले १४, ४२० पोती, थेट पाव थप्पी. आणि आपण फोटो कुठला नीट काढतो? समोरचा, कारण तो सोपा आहे आणि तिथे उजेड आहे. कडेचा फोटो अंधाऱ्या अरुंद गल्लीत उभं राहून तिरपा काढलेला, लांबचे तुकडे बारीक होत-होत एकमेकांत मिसळलेले, आणि त्यावरच सगळ्यात महाग आकडा उभा. म्हणून मी काकांना सांगितलं की समोरचा एक फोटो कमी आला तरी चालेल पण कडेचे तीन पाहिजेत, गल्लीत पुढे-पुढे सरकत, प्रत्येकात आधीच्या फोटोतली दोन पोती पुन्हा आलेली, म्हणजे सांधा लागतो. आणि थप्पी लावून झाली की कडेला दर दुसऱ्या गटाच्या शेवटी खडूने उभी रेघ मारून ठेवा. ती रेघ इतकी कामाला येते की विचारू नका.

वरच्या थरासाठी फोन काठीला बांधून उंच धरून वरून एक फोटो. थप्पीवर चढून नाही, अजिबात नाही, कडेची पोती सरकली तर माणूस खाली. एवढ्या एका फोटोने वरच्या थराचा ३० ते १२० असा लांबलचक पट्टा चार-सहा पोत्यांवर येतो. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो बारीक होऊन येतो, काकांना फाइल म्हणून पाठवायला शिकवलं, डॉक्युमेंटमध्ये जाऊन, तेव्हापासून मागची तोंडंही वेगळी दिसायला लागली.

एक परिस्थिती अशी आहे जिथे मोजूच नये. कीडनियंत्रणासाठी थप्पीवर प्लास्टिकचं आवरण घालून आत गॅस सोडलेला असतो त्या दिवसांत फोटोत फक्त एक गुळगुळीत ढिगारा दिसतो. एकदा मी त्यावरूनही आकडा लिहिला होता, उंची आणि रुंदीच्या अंदाजाने. आता तिथे "आवरण असल्याने मोजता आलं नाही, आधीचा पट्टा कायम" एवढंच लिहिते. कोणाला आवरण उचलून फोटो काढायला सांगायचं नाही, तो गॅस जीवघेणा आहे.

क्रेटचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्लास्टिकचे क्रेट सगळे एकाच मापाचे, कडा सरळ, त्यामुळे दिसणारा भाग मोजणं पोत्यापेक्षा कितीतरी सोपं. पण मधल्या रांगा नाहीतच आणि नुसता चौकटीसारखा बाहेरचा भाग लावलाय असं क्रेटमध्ये जास्त होतं, कारण आधाराशिवाय उभे राहतात. आणि आतले भरलेले की रिकामे हे समोरून कळत नाही. तिथेही काठीला फोन बांधून वरून फोटो, बाकी सगळं तेच.

आणि पोती मोजली म्हणजे क्विंटल मोजले असं नाही. १५७१ गुणिले ५० किलो हा हिशोब पोतं बरोबर ५० चं भरलंय असं धरतो. फोटोला वजन दिसत नाही. क्विंटलचा आकडा द्यायचाच असेल तर पोत्यांचा पट्टा वेगळा द्या आणि शेजारी लिहा की वजन पोत्यामागे ५० किलो धरलंय, काट्यावर केलेलं नाही.

दर थप्पीला मी स्वतःला विचारते ते प्रश्न असे आहेत, ग्रुपवर चिकटवून ठेवलेत: रचना तीन ठिकाणी बघितली का, खालचा-वरचा थर सम-विषमात बसतो का, कडेच्या फोटोत शेवटचा तुकडा खरंच दिसतोय का, वरून फोटो आहे का, आत खांब आहे का हे काकांना विचारलं का, रजिस्टर बंद आहे का. यातल्या ज्याचं उत्तर "नाही" येईल तिथे हद्द रुंद करायची, तिथे अंदाजाने "हो" धरून पुढे जायचं नाही.

या आठवड्यात आलेली हरभऱ्याची चौथी थप्पी अशी निघाली. समोर १५ तोंडं आणि १० कुशी, सरासरी साडेबारा, खोलीला ६ तुकडे, म्हणजे ७५ चा थर. खाली तोंडं वर कुशी, थर १२, सम, जुळतं. अकरा पूर्ण थर, ८२५. बारावा थर काठीवरच्या फोटोत मागपर्यंत दिसतोय, फक्त मागच्या कोपऱ्यात ८ नाहीत, म्हणजे ६७. एकूण ८९२. खांब नाही, काकांनी दोनदा सांगितलं. आतल्या फटींसाठी खाली १७, वरच्या फोटोतल्या धूसर कडेसाठी वर-खाली ३. ग्रुपवर टाकलेला मेसेज हा:

"थप्पी ४, हरभरा. ८७० ते ९०० पोती, एकच आकडा लागला तर ८८०. थर आणि तोंडं दोघींनी वेगवेगळी मोजली, जुळली. आतून भरीव आहे असं धरलंय, बघितलेलं नाही. मागची बाजू भिंतीकडे, फोटो नाही. वजन धरलेलं नाही. सोमवारी माल उठेल, तेव्हा टॅलीचा आकडा याच मेसेजखाली टाका."